पडून राहिलेलं जाहिरात खातं मोडीत काढू नका

व्यापाऱ्यांच्या बैठकांत, एजन्सीवाल्यांच्या बोलण्यात आणि दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल ॲड्सच्या जुन्या खात्याबद्दल एक सल्ला हमखास मिळतो. खातं वर्ष-दोन वर्षं पडून असेल तर त्याच्या नादी लागू नका, सगळं उडवा आणि नव्या मेलवरून कोरं खातं उघडा. हा सल्ला ऐकणाऱ्याला गोड लागतो, कारण मागे कुठे किती पैसे गेले ते उकरून बघायची हौस कुणालाच नसते. देणाऱ्याच्याही तो सोयीचा असतो, कारण जुना हिशेब उघडला की जुन्या चुका कुणाच्या, हा प्रश्न येतो. माझं मत याच्या अगदी उलट आहे. दहातल्या नऊ वेळा नवं खातं उघडणं म्हणजे एकदा पैसे मोजून शिकलेली गोष्ट पुन्हा पैसे मोजून शिकणं.

या सल्ल्यामागे तीन दावे असतात. पहिला, जुनं खातं गूगलच्या नजरेत बदनाम झालेलं असतं, त्यामुळे त्यातून केलेली जाहिरात महाग पडते. दुसरा, साफसफाईला जितका वेळ जातो त्याहून कमी वेळात नवं उभं राहतं. तिसरा, बोली लावणारी गूगलची यंत्रणा जुन्या आकड्यांवरून चुकीचं शिकलेली असते, म्हणून तिला कोरी पाटी द्यावी. तिसऱ्यात थोडं तथ्य आहे. पहिले दोन टिकत नाहीत. पण हे हवेत बोलण्यापेक्षा एक खातंच उघडून बघू.

समजा नाशिकमधला एक सोलर बंब विकणारा दुकानदार आहे. खातं 2019 मध्ये एका एजन्सीने काढून दिलं. सुरुवातीची तीन-चार वर्षं त्यातून बऱ्यापैकी गिऱ्हाईक आलं. मग फोन कमी होत गेले, खर्च मात्र तोच राहिला, आणि 2024 च्या सप्टेंबरात मालकाने वैतागून जाहिराती थांबवल्या. शेवटच्या सहा महिन्यांत 1,20,000 रुपये गेले, 4,000 क्लिक आले, आणि खातं म्हणतंय की 1,450 कन्व्हर्जन झाली. दुकानातल्या चौकशीच्या वहीत त्याच काळात नोंदी आहेत साठेक. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण अशा खात्यांचं दुखणं साधारण असंच असतं.

इथे पहिला प्रश्न कीवर्डचा नाही आणि बजेटचाही नाही. खातं कोणाचं, हा आहे. `Admin` मध्ये `Access and security` उघडा आणि मालकाचा स्वतःचा मेल तिथे कोणत्या हक्काने आहे ते पाहा. बऱ्याचदा तो तिथे नसतोच. मालकाला दर महिन्याला रंगीत पीडीएफ येत असते आणि खातं एजन्सीच्या मॅनेजर खात्याखाली असतं. अशा वेळी दहा आकडी ग्राहक क्रमांक मागून घ्यायचा आणि आधी स्वतःला `Admin` करून घ्यायचं. जुन्या एजन्सीचे, सोडून गेलेल्या मुलाचे, कधीकाळी वेबसाइट बनवणाऱ्याचे हक्क काढायचे ते त्यानंतर. क्रम उलटा झाला तर आपणच दाराबाहेर राहतो. एजन्सी खातं द्यायलाच तयार नसेल तर मात्र नवं खातं उघडण्यावाचून गत्यंतर नाही, हे मी मान्य करतो. खात्याचं चलन चुकीचं निवडलेलं असेल तरीही तेच, कारण चलन नंतर बदलता येत नाही. मात्र गूगलने नियमभंगासाठी खातं निलंबित केलं असेल तर दुसरं खातं उघडणं हाच आणखी एक नियमभंग ठरतो. नवं खातं हा तिथे उपाय नाही.

मालकी हातात आली की पाहायची ती कन्व्हर्जन. चार हजार क्लिकांत 1,450, म्हणजे दर तीन क्लिकांमागे एकाहून जास्त गिऱ्हाईक! बंब काही पाणीपुरी नाही की बघितला आणि घेतला. आकडा इतका गोड असला की मोजमापात खोट आहे असंच समजावं. कॅम्पेनच्या तक्त्यात `Segment` मधून कन्व्हर्जन कोणत्या क्रियेची आहेत ते वेगळं करायचं आणि महिन्यावार मागे जायचं. आपल्या उदाहरणात तिथे दोन क्रिया दिसतात. एक, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म भरणं. दुसरी, संपर्काचं पान नुसतं उघडणं. फॉर्मचा आकडा 2023 च्या जूनपर्यंत दर महिन्याला पंधरा-वीस आहे. जुलैपासून शून्य. त्यानंतर कायम शून्य.

फॉर्म भरणारे एका रात्रीत संपले नाहीत. फॉर्मची मोजणी गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीतून, युनिव्हर्सल ॲनालिटिक्समधून, खात्यात येत होती आणि गूगलने त्या आवृत्तीत नवी माहिती घेणं 1 जुलै 2023 पासून बंद केलं. नव्या आवृत्तीवर जायचं काम कुणी केलं नाही. म्हणजे खात्याला दिसणारी एकमेव खरी चौकशी त्या दिवशी दिसेनाशी झाली आणि उरलं ते संपर्काचं पान उघडणं. बोली मात्र जास्तीत जास्त कन्व्हर्जन मिळवण्याच्या पद्धतीवर लावलेली होती. यंत्रणेने सांगितलं ते इमानदारीने केलं: संपर्काचं पान उघडणारी माणसं शोधली, तीही स्वस्तात.

ती माणसं कोण होती हे `Search terms` च्या अहवालात लिहिलेलं आहे. लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केलं आणि त्यावर आपले किती पैसे गेले, ते तिथे ओळीओळीने मिळतं. सगळं मिळत नाही, हेही सांगायला हवं. 2020 च्या सप्टेंबरपासून फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल या अहवालात दाखवत नाही, त्यामुळे दिसणाऱ्या ओळींची बेरीज एकूण खर्चापेक्षा कमी भरते. तरी दिसतं ते पुरेसं असतं. सहा महिन्यांच्या ओळी खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावून, अर्थानुसार गट पाडले की आपल्या दुकानदाराचे 1,20,000 असे वाटले जातात: बंबाची किंमत, लिटरची क्षमता, नाशिकमधले विक्रेते अशा शोधांवर 38,000. दुरुस्ती, गळती, काचेची नळी फुटली, अशा शोधांवर 21,000. छतावरचे वीज बनवणारे सोलर पॅनेल आणि त्यांची सबसिडी यांवर 34,000. उरलेले 27,000 किरकोळ आणि न दिसणाऱ्या शोधांचे.

ते 34,000 कुठून आले? 2019 मध्ये `solar heater` हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर ठेवला होता, म्हणजे अर्थाच्या जवळपास जाणारा कोणताही शोध गूगलने त्यात धरावा. 13 फेब्रुवारी 2024 ला पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली आणि घराघरांत सोलर म्हणजे छतावरचं पॅनेल, सबसिडी आणि कमी वीजबिल, असं समीकरण झालं. ही योजना वीज बनवणाऱ्या पॅनेलची आहे, पाणी तापवणाऱ्या बंबाची नाही. पण शोधणाऱ्यांचा लोंढा त्या शब्दावर आला. त्यातले बरेच जण अर्ज कुठे करायचा हे पाहायला दुकानाचं संपर्क पान उघडत होते, आणि प्रत्येक उघडलेलं पान खात्यात कन्व्हर्जन म्हणून जमा होत होतं. त्यामुळे बोली त्याच गर्दीकडे आणखी वळत गेली.

आता सांगा, यात खातं बदनाम कुठे झालं? एक तुटलेली मोजणी, एक सैल कीवर्ड आणि बाजारात आलेली एक सरकारी योजना, इतकंच घडलं. खातं उडवून कोऱ्या खात्यात हीच वेबसाइट, हाच कीवर्ड आणि हीच संपर्क पानाची मोजणी लावली असती, आणि एजन्सीवाले घाईत नेमकं हेच करतात, तर महिन्याभरात गाडी त्याच जागी आली असती. फरक इतकाच की ती तिथे का आली हे कळायला मागचा पुरावा उरला नसता.

बदनामीच्या दाव्याला आधार म्हणून क्वालिटी स्कोअर पुढे केला जातो. तो 1 ते 10 असा आकडा आहे आणि प्रत्येक कीवर्डला स्वतंत्र मिळतो. गूगलच्या म्हणण्यानुसार तो निदानासाठी आहे, लिलावात तो आकडा वापरला जात नाही. लिलावात त्या क्षणाचा शोध, जाहिरात आणि उतरण्याचं पान यांचा विचार होतो. नाशिकच्या दुकानाचं पान मोबाइलवर उघडायला वेळ घेत असेल आणि त्यावर किंमत नसेल, तर खातं बदलल्याने ते पान काही सुधारत नाही.

दुसरा दावा वेळेचा. वर सांगितलेलं सगळं, म्हणजे मालकी, कन्व्हर्जनची फोड आणि शोधांचे गट, एका छोट्या खात्यासाठी दोन बैठकांचं काम आहे. नव्या खात्याला जाहिरातदाराची ओळखपडताळणी पुन्हा, पैसे भरण्याची माहिती पुन्हा, वेबसाइटवरची मोजणी पुन्हा, आणि नको असलेले शब्द तर एकेक क्लिकचे पैसे देऊन पुन्हा गोळा करायचे. हा वेळ कुणी मोजत नाही, कारण तो पुढच्या तिमाहीत जातो आणि त्याचं बिल दुकानदार भरतो.

मग पुसायचं काय? मूळ सल्ल्याशी माझं खरं भांडण इथे आहे. तो सल्ला पुसणं आणि थांबवणं यांत फरकच करत नाही. गूगल ॲड्समध्ये `Paused` केलेलं कॅम्पेन पुन्हा चालू करता येतं. `Removed` केलेलं येत नाही. त्याचे जुने आकडे दिसत राहतात, पण ते कॅम्पेन उठवता येत नाही, फार तर नव्याने बनवावं लागतं. थांबवून ठेवण्याला एक पैसा लागत नाही. म्हणून कॅम्पेन, जाहिरात, कीवर्ड यांपैकी काहीही काढून टाकण्याची मला सहसा गरज दिसत नाही. गूगल स्वतःसुद्धा 2024 च्या जूनपासून तेरा महिने एकदाही न झळकलेले कीवर्ड आपोआप थांबवू लागलं आहे. काढून टाकत नाही, थांबवतं.

जुन्या जाहिरातींबाबत तर हात आखडताच घ्यायला हवा. आपल्या खात्यात 2019 च्या विस्तारित मजकूर जाहिराती आहेत. 30 जून 2022 नंतर या प्रकारची जाहिरात नवी बनवता येत नाही आणि जुनी दुरुस्तही करता येत नाही. फक्त चालू ठेवता किंवा थांबवता येते, नाहीतर कायमची काढून टाकता येते. त्यातल्या एका जाहिरातीत दिवाळीच्या सवलतीचा उल्लेख आहे, ती थांबवायची, कारण ती आज खोटी आहे. दुसरीत क्षमता, हमीची वर्षं आणि मोफत पाहणी इतकंच आहे, ते आजही खरं आहे आणि त्या जाहिरातीवर क्लिकही बरे आलेत. ती राहू द्यावी आणि शेजारी नव्या प्रकारची जाहिरात लावावी. कोऱ्या खात्याच्या भक्ताला ही दुसरी जाहिरात पुन्हा कधीच मिळणार नाही. त्याच खात्यात `+solar +water +heater` असे अधिकचिन्हांचे कीवर्ड दिसले तर तेही भिण्यासारखे नाहीत. ती पद्धत 2021 मध्ये मोडीत निघाली, पण ते कीवर्ड आज फ्रेज मॅचसारखे चालतात. धोका चिन्ह असलेल्यांचा नाही, बिनचिन्हाच्या सैल `solar heater` चा आहे. तो थांबवा.

खरोखर काढून टाकण्यासारखं थोडंच उरतं. जुन्या माणसांचे हक्क गेलेच. संपर्क पानाची मोजणी `Primary` वरून `Secondary` वर न्यायची, म्हणजे आकडा दिसत राहतो पण बोली त्यावर ठरत नाही. आणि गूगलच्या शिफारशी आपोआप लागू होण्याची सोय चालू असेल तर ती बंद करायची. ती चालू होती का, हे `Change history` मध्ये कळतं, कारण तिने केलेले बदल तिच्याच नावावर नोंदलेले असतात. पण ही नोंद दोन वर्षांपलीकडचं दाखवत नाही. बघू नंतर म्हणत खातं तसंच ठेवणाऱ्या मालकाने हे लक्षात घ्यावं, कारण माझा वाद फक्त उडवणाऱ्यांशी नाही. पडू द्या, आपोआप काही होईल, म्हणणाऱ्यांशीही आहे.

याच वेळी पैशांच्या पानावर जीएसटी क्रमांक भरलेला आहे का ते पाहून घ्यावं. जाहिरातखर्चावर 18 टक्के कर लागतो. 1,20,000 वर 21,600. नियमित करदात्याला तो इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतो, पण बिलावर क्रमांकच नसेल तर कुठून मिळणार? सबंध पडताळणीत रोख हाती लागण्याची ही एकच जागा आणि एजन्सीच्या अहवालात तिचा उल्लेख सहसा नसतो.

आता पुन्हा सुरू काय करायचं. इथे मला ते 21,000 रुपये सगळ्यांत जास्त बोलके वाटतात. दुकानदार म्हणेल, दुरुस्तीवाले फुकटचे, मला नवा बंब विकायचाय. त्याच्या त्या कॅम्पेनसाठी ते वायाच गेले, खरं आहे. पण नाशिकसारख्या ठिकाणी बोअरच्या जड पाण्याने टाकीत आणि नळ्यांत क्षार साचतो, आठ-दहा वर्षांनी पाणी कोमटच येऊ लागतं, आणि असा माणूस आधी दुरुस्ती शोधतो. त्याच्या घरी मेकॅनिक पाठवणारा दुकानदार जुन्या बंबाजवळ उभा राहून नव्याची गोष्ट काढू शकतो. म्हणून दुरुस्तीचं स्वतंत्र कॅम्पेन, स्वतंत्र छोटं बजेट आणि स्वतंत्र पान, हे नव्याने सुरू करण्यासारखं आहे. ही मागणी आहे हे आपल्याला फक्त जुन्या खात्याने सांगितलं.

ते सुरू करताना एक फसगत होते. जुन्या एजन्सीने कधीतरी `repair` हा शब्द निगेटिव्ह यादीत घातलेला असतो. आपण मन लावून कॅम्पेन उभं करतो आणि आठवडाभर एकही वेळा जाहिरात झळकत नाही. झळकण्याचा आकडा शून्य दिसला की बोली वाढवण्याआधी निगेटिव्ह याद्या पाहाव्यात, कॅम्पेनच्याही आणि सबंध खात्याला लावलेल्याही. याची दुसरी बाजूही आहे. निगेटिव्ह शब्द आपले भाईबंद ओळखत नाही. नव्या बंबाच्या कॅम्पेनमधून `repair` अडवलं तरी `repairing` आत येतं आणि देवनागरीत टाइप केलेलं `दुरुस्ती` सुद्धा येतं. मराठी गिऱ्हाईक असलेल्या दुकानाने दोन्ही लिप्यांत याद्या भरायला हव्यात. तसंच `subsidy`, `सबसिडी`, `surya ghar`, `सूर्यघर`, `panel`, `पॅनेल` हे सगळे त्या 34,000 च्या अहवालातून थेट उचलता येतात.

ठिकाणाची सेटिंगही तशीच तपासावी. मूळ निवड `Presence or interest` अशी असते, म्हणजे नाशिकमध्ये असलेला आणि नाशिकमध्ये नुसतं स्वारस्य दाखवणारा, दोघेही. बहुतेक दुकानांनी ती नुसत्या `Presence` वर आणावी. पण आधी क्लिक कुठून आले ते पाहावं. मुंबईत राहून नाशिकला बंगला बांधणारी माणसं या धंद्यात खरी असतात. त्यांच्यासाठी मुंबईवर वेगळं छोटं कॅम्पेन चालवलेलं बरं.

राहिला तिसरा दावा, यंत्रणा चुकीचं शिकली असल्याचा. हो, शिकली आहे, पण कशावरून शिकली ते आपल्याला माहीत आहे आणि तो धडा आपण `Primary` मधून काढला आहे. शंका असेल तर त्याच खात्यात नवं कॅम्पेन काढा. फॉर्मची मोजणी नव्या ॲनालिटिक्सशी जोडा किंवा थेट गूगल ॲड्सच्या टॅगने घ्या, स्वतः एकदा फॉर्म भरून नोंद होते का ते तपासा, आणि पुरेशा खऱ्या चौकश्या जमेपर्यंत बोली क्लिकवर ठेवून क्लिकच्या दराला वरची मर्यादा घाला. दर आठवड्याला खात्यातला आकडा दुकानातल्या वहीशी ताडून पाहा. कोरी पाटी हवी असणाऱ्यांना हवं ते सगळं इथे मिळतं. त्यासाठी आख्खं खातं सोडावं लागत नाही.

तेव्हा यापुढे कुणी खातं उडवायचा सल्ला दिला तर त्याच्याकडे दोनच गोष्टी मागा: शेवटच्या सहा महिन्यांत पैसे कोणत्या शोधांवर गेले त्याची गटवार यादी, आणि प्रत्येक कन्व्हर्जनपुढे ते नेमकं कशाचं होतं याची नोंद. या दोन्ही आणून देणाऱ्याचा सल्ला ऐकायला हरकत नाही. न देणाऱ्याने खातं वाचलेलंच नसतं, आणि त्याला नव्या खात्याची चावी तर मुळीच देऊ नका.